डोकं हलवलं की अक्षर पळायचं

उजव्या कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या नसेला सूज आली होती. गरगरणं आठवड्याभरात थांबलं, पण तीन महिने झाले तरी चालताना डोकं वळवलं की समोरचं सगळं हलायचं आणि मी उजवीकडे झुकायचो. म्हणून मी मान ताठ धरून चालायला लागलो. चूक तिथेच झाली.

फिजिओथेरपिस्टनी कारण समजावलं. डोकं वळताना नजर स्थिर ठेवण्याचा इशारा कानातून येतो. माझा एक कान कमी सांगत होता, म्हणून चित्र डोळ्यात सरकत होतं. हे सरकणं मेंदूला जाणवलं, तरच तो नजरेचा हिशेब नव्याने बसवतो. मान हलवलीच नाही तर चूक त्याला कळणार कशी? चक्कर दाबणाऱ्या गोळ्याही जास्त दिवस घेतल्या तर हेच शिकणं मंदावतं. माझ्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या.

व्यायाम साधा होता. हातभर अंतरावर एक अक्षर धरायचं, नजर त्यावर रोखून डोकं 'नाही' म्हणतो तसं एक मिनिट हलवायचं. वेग एवढाच, की अक्षर धूसर होण्याच्या बेतात असावं. मी आधी बसून केलं, मग उभं राहून, मग पाय जोडून, भिंतीजवळ. नंतर थोडं गरगरायचं, ते पंधरा-वीस मिनिटांत शमलं तर ठीक. एकदा उत्साहात वेग वाढवला आणि संध्याकाळपर्यंत मळमळलं, तेव्हा एक पायरी मागे आलो.

सहाव्या आठवड्यात चालता चालता पाट्या वाचता आल्या. कान मात्र तसाच आहे. अंधारात ओबडधोबड जमिनीवर अजून हात धरावा लागतो.