कुलर लावल्यावर अंग खाजतंय? घरट्याच्या बाबतीत या चुका टाळा

फाल्गुनात ऊन तापायला लागलं की जळगाव-भुसावळकडून मला ठरलेले फोन येतात. "रातभर आंग खाजस रे भाऊ, पन ढेकूण काही दिखत नही." मी पेस्ट कंट्रोलचं काम करतो. माझा पहिला प्रश्न असतो, खिडकीला कुलर आहे का, आणि त्याच्या मागे कबुतराचं घरटं होतं का?

कापसावरची लाल कोळी आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तिच्याच जातकुळीतले, आठ पायांचे, खसखशीच्या दाण्याएवढे किंवा त्याहून बारीक माइट घरट्यात राहतात आणि पिल्लांचं रक्त पितात. पिल्लं उडाली की हजारो माइट उपाशी राहतात आणि फटीतून घरात शिरतात. माणसाला चावतात, पण माणसाच्या अंगावर वाढत नाहीत. म्हणून अंगावर औषध चोळून हा त्रास संपत नाही, घरटं काढलं की संपतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाई. भुसावळच्या एका घरात हिवाळाभर बंद असलेला कुलर मार्चमध्ये सुरू केला. स्टँड आणि भिंतीच्या मधे रिकामं घरटं होतं, ते कुणी पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी चौघांच्या मानेवर, कमरेवर, दंडावर लाल पुरळ. आधी ढेकूण समजून गाद्या उन्हात टाकल्या. मग खरूज समजून सगळ्यांनी मलम लावलं. शेवटी घरातल्या एकाने कपाशीवर मारायचं औषध आणून खिडकीवर आणि कुलरच्या वाळ्यावर फवारलं. मी पोचलो तेव्हा घरभर तोच वास होता आणि लहान पोरगी उलट्या करत होती. तिला आधी बाहेर काढून दवाखान्यात पाठवलं. वाळा फेकायला लावला, टाकीतलं पाणी काढून टाकी धुतली. घरटं मात्र जागेवर तसंच होतं, आणि माइट त्यात वळवळत होते.

शेतातलं औषध घरात मारू नका. कुलर ती हवा थेट तुमच्या तोंडावर फेकतो. एवढं सांगूनही लोक म्हणतात, "थोडंसंच मारलं." याचा मला मनापासून राग येतो.

आधी खात्री करा. खिडकीच्या चौकटीवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचला आणि पांढऱ्या कागदावर चिकटवा. बारीक ठिपके दिसले, त्यातले काही लालसर किंवा काळे असले, तर भिंगातून पाय मोजा. रक्त प्यायलेला माइट लाल दिसतो.

मग कुलरचा प्लग काढा, आतून खिडकी बंद करा. अंडी किंवा पिल्लं असतील तर थांबा, ती उडेपर्यंत घरट्याला हात लावू नका. घरटं रिकामं असेल तर माझी पद्धत अशी: एन-९५ मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. लिटरभर पाण्यात भांडी घासायच्या द्रावणाचा एक चमचा टाकून घरटं आणि विष्ठा ओलीचिंब करतो आणि दहा मिनिटं थांबतो. मग पत्र्याच्या तुकड्याने सगळं जाड पिशवीत ढकलतो, तोंड बांधतो, वर दुसरी पिशवी. कोरडा झाडू कधीच वापरत नाही. सुकलेल्या विष्ठेच्या धुळीतून फुप्फुसाला बाधणारी बुरशी उडते, आणि माइटही घरभर पसरतात. दम्याच्या माणसाने या कामापासून लांबच राहावं.

त्यानंतर खिडकीची चौकट, फटी, आतली कड साबणाच्या ओल्या फडक्याने पुसायची. बाहेरच्या फटीत घरगुती वापराची परवानगी असलेलं औषध लेबलवरच्या मापाने मारायचं, ते पूर्ण सुकल्यावरच खिडकी उघडायची. चादरी गरम पाण्यात धुवा. गाद्या फेकायची गरज नाही.

घरभर धुराचा डबा फोडू नका, तो फटीत पोचत नाही.

घरटं काढल्यावर त्याच दिवशी चावणं थांबेल अशी अपेक्षा ठेवू नका. फटीत राहिलेले माइट काही आठवडे जगू शकतात, त्यातल्या काही जाती त्याहून जास्त टिकतात. मी आठव्या दिवशी पुन्हा चिकटपट्टी लावायला सांगतो. ठिपके आले तर पुसणं आणि फटी बुजवणं पुन्हा करायचं. फोड खाजवू नका. सूज, पू दिसला तर डॉक्टरांना दाखवा, आणि घरट्याबद्दल आवर्जून सांगा, नाहीतर खरजेचंच औषध मिळतं.

जाळी लावायची तर कबुतरासाठी पाच सेंटिमीटरचं भोक चालतं, चिमणीसाठी दोन सेंटिमीटरपेक्षा लहान लागतं. चिमण्यांना मी हुसकावत नाही. खिडकीपासून लांबच्या भिंतीवर लाकडी खोकं टांगून द्या, आणि पिल्लं उडून गेली की तेही याच पद्धतीने, ओलं करून साफ करा.