व्हॉट्सअ‍ॅपवरच्या बोलण्यातून प्रसूती रजेचा अर्ज कसा तयार करावा

यवतमाळकडच्या एखाद्या दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेतल्या मॅडम मुख्याध्यापकांना असा मेसेज टाकतात:

“सर, डॉक्टरनं फेब्रुवारीच्या शेवटाची तारीख दिली. तीनेक आठवडे आधी माहेरी जाईन म्हणते. सहा महिने तं भेटतेच. उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्यात नाही ना धरत? वर्ग तुम्ही पाहून घ्या, आहाराचं वहीत लिहून ठेवते.”

सर “हो मॅडम” म्हणतात. पण अर्ज पंचायत समितीत जातो, आणि तिथे हे बोलणं चालत नाही. त्यातलं एकेक वाक्य कागदावर आणायचं.

आधी तारीख. “फेब्रुवारीचा शेवट” नको; डॉक्टरांच्या दाखल्यावरची अपेक्षित तारीख जशीच्या तशी लिहा. समजा ती 24 फेब्रुवारी 2026 आहे. दाखला सोबत जोडा. हयात अपत्ये किती, हेही लिहा, कारण दोनपेक्षा कमी असतील तरच ही रजा मिळते.

मग रजेचा हिशेब. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. रजा सहा महिन्यांची नसून 180 दिवसांची आहे. 2 फेब्रुवारीपासून मोजलं तर फेब्रुवारीचे 27, मार्चचे 31, एप्रिलचे 30, मेचे 31, जूनचे 30 आणि जुलैचे 31 मिळून 31 जुलैला 180 भरतात. “सहा महिने” म्हणून 1 ऑगस्ट लिहिलं की एक दिवस जास्त होतो आणि अर्ज दुरुस्तीला परत येतो. रविवार आणि उन्हाळी सुट्टी यातच मोजली जाते, त्यामुळे मे-जूनचे दिवस पुढे जोडून मिळत नाहीत.

अर्जातला मुख्य मजकूर असा होईल:

“माझ्या प्रसूतीची अपेक्षित तारीख 24/02/2026 आहे. तरी मला दि. 02/02/2026 ते 31/07/2026 अशी 180 दिवसांची प्रसूती रजा मंजूर व्हावी. मी दि. 01/08/2026 रोजी रुजू होईन. रजाकाळात माहेरच्या पत्त्यावर राहीन.” खाली तो पत्ता आणि मोबाइल नंबर.

“वर्ग तुम्ही पाहून घ्या” याचं मात्र वेगळं पान करा. पहिली-दुसरीचा अभ्यासक्रम कोणत्या पाठापर्यंत झाला, कोणत्या मुलांना अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत, हे नावानिशी लिहा. पोषण आहाराचा तांदूळ-डाळ सरांसमोर मोजून वहीतल्या शिलकेशी जुळवा आणि दोघांनी सही करा. सहा महिन्यांनी तूट निघाली तर ती कोणाच्या काळातली, हे त्या सहीवरूनच ठरतं.

परतल्यावर बाळासाठी आणखी रजा लागेल असं वाटत असेल, तर ते याच अर्जात घुसडू नका. बालसंगोपन रजा वेगळी आहे, तिचा अर्ज वेगळा करा. प्रसूती 2 फेब्रुवारीआधीच झाली, तर लगेच सरांना कळवा आणि बदललेल्या तारखांचा दुरुस्ती अर्ज पाठवा.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक शाळेत द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घेऊन स्वतःकडे ठेवा.