परस्पर संमतीचा घटस्फोट : अर्जावर सही झाल्यानंतर अडचणीत आणणाऱ्या चुका

हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम १३-ब खाली केलेल्या अर्जात प्रतिवादी कोणीच नसतो. पती आणि पत्नी दोघेही अर्जदार असतात, अर्जदार क्रमांक १ आणि अर्जदार क्रमांक २. या अर्जाचे बळ आणि दुबळेपणा दोन्ही यातच आहेत. दोघांपैकी एकाची संमती मध्येच संपली, तर कितीही नीट लिहिलेला अर्ज न्यायालयाला मंजूर करता येत नाही. सही झाली म्हणजे घटस्फोट झाल्यासारखाच आहे, अशा समजुतीने अनेक जण येतात. प्रत्यक्षात त्या सहीपासून हुकूमनाम्यापर्यंतचा काळच सर्वांत नाजूक असतो, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका त्या काळाचा विचार न केल्यामुळेच होतात.

एक कल्पित उदाहरण घेऊन पुढे जाऊ. पुण्यातील एका जोडप्याचे लग्न डिसेंबर २०१८ मध्ये झाले, त्यांना एक मुलगी आहे आणि १० जून २०२३ पासून दोघे वेगळे राहतात. दोघांच्या नावावर कर्ज काढून घेतलेला एक फ्लॅट आहे. एकरकमी पोटगी म्हणून २४ लाख रुपये ठरले आहेत आणि अर्ज १ जुलै २०२४ रोजी दाखल झाला आहे.

तारखांची चूक

अर्ज दाखल करण्यापूर्वी किमान एक वर्ष दोघे विभक्त राहत असले पाहिजेत. या जोडप्याचे वर्ष १० जून २०२४ रोजी पूर्ण झाले, म्हणून १ जुलैचा अर्ज वेळेत आहे. विभक्त राहणे म्हणजे वेगळ्या पत्त्यावर राहणे असे मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने सुरेष्ठा देवी प्रकरणात १९९१ मध्ये स्पष्ट केले की पती-पत्नी म्हणून एकत्र न नांदणे हा याचा अर्थ आहे, आणि त्यामुळे घराच्या अडचणीने एकाच छताखाली राहणारे दोघेही विभक्त असू शकतात. तशी परिस्थिती असेल तर अर्जात ती तशीच लिहावी. वर्ष भरलेले दाखवण्यासाठी दोन-चार महिने मागची तारीख घालण्याचा मोह होतो, आणि तो टाळलाच पाहिजे. अर्ज प्रतिज्ञेवर केलेला असतो, कौटुंबिक न्यायालयातील समुपदेशक दोघांना स्वतंत्रपणे प्रश्न विचारतात, आणि दोघांच्या उत्तरांतील तारखा जुळल्या नाहीत तर संशय संपूर्ण अर्जावर येतो.

यानंतर कायद्याने ठरवलेला प्रतीक्षाकाळ येतो. अर्ज सादर झाल्यापासून सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी मिळून पुन्हा न्यायालयासमोर येऊन घटस्फोट मागायचा असतो. या उदाहरणात तो काळ १ जानेवारी २०२५ पासून १ जानेवारी २०२६ पर्यंतचा आहे. सहा महिने संपले की हुकूमनामा घरपोच येईल असे समजून स्वस्थ बसणारे लोक मी पाहिले आहेत. दोघांनी मिळून दुसरी मागणी केली नाही तर आपोआप काहीही होत नाही, आणि अठरा महिने उलटले की अर्ज निष्फळ ठरण्याचा धोका असतो.

सहा महिने माफ होतात का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. अमरदीप सिंग प्रकरणात सप्टेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा काळ सक्तीचा नसून न्यायालयाच्या विवेकावर सोडलेला आहे असे ठरवले, पण त्यासाठी काही निकष घालून दिले. अर्ज करण्यापूर्वीच एक वर्ष आणि सहा महिने, म्हणजे एकूण दीड वर्ष विभक्त राहणे झालेले असावे, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत, पोटगी, ताबा आणि इतर वाद खऱ्या अर्थाने मिटलेले असावेत, आणि थांबण्याने केवळ यातना लांबतील अशी स्थिती असावी. माफीचा अर्ज पहिल्या सादरीकरणानंतर एक आठवड्याने करता येतो. आमच्या उदाहरणात दीड वर्ष १० डिसेंबर २०२४ रोजी पूर्ण होते, म्हणून १ जुलैचा अर्ज पहिल्या निकषात बसत नाही. गंमत अशी की हेच जोडपे डिसेंबरपर्यंत थांबून अर्ज करते आणि माफी मागते, तरीही निकाल साधारण त्याच सुमारास, जानेवारीच्या आसपास लागला असता. म्हणून घाईने अर्ज करून माफीवर विसंबण्यापेक्षा दोन्ही मार्गांच्या तारखा कागदावर मांडून पाहाव्यात. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निकष उदाहरणादाखल आहेत, बंदिस्त यादी नव्हे, असे म्हटले आहे. तरीही माफी हा हक्क समजून तिच्या भरवशावर दुसऱ्या लग्नाचा मुहूर्त काढणे शहाणपणाचे नाही.

पैशांचा क्रम चुकवणे

ठरलेली सर्व रक्कम पहिल्याच दिवशी देणे किंवा सर्व रक्कम हुकूमनाम्यानंतर देण्याचे ठरवणे, या दोन्ही टोकांना सारखाच धोका आहे. पहिल्या प्रकारात पैसे घेऊन संमती मागे घेतली जाऊ शकते, दुसऱ्यात घटस्फोट मिळाल्यावर पैसे अडकू शकतात. सुरेष्ठा देवी प्रकरणातच न्यायालयाने म्हटले आहे की संमती हुकूमनाम्यापर्यंत टिकली पाहिजे आणि तोवर कोणताही पक्ष ती एकतर्फी मागे घेऊ शकतो. न्यायालयात दिलेली हमी मोडल्याचे परिणाम भोगावे लागू शकतात, पण नकार देणाऱ्याकडून संमती वदवून घेता येत नाही. म्हणून रक्कम टप्प्यांत आणि प्रत्येक टप्पा एखाद्या घडलेल्या गोष्टीला बांधून द्यावी. २४ लाखांपैकी ८ लाख अर्ज सादर झाल्याच्या दिवशी, ८ लाख दुसऱ्या मागणीच्या वेळी आणि उरलेले ८ लाख हुकूमनाम्याच्या दिवशी न्यायालयातच डिमांड ड्राफ्टने, अशी मांडणी दोघांनाही सोसवते. ड्राफ्टचा क्रमांक, तारीख आणि बँक अर्जातच नमूद करावी, आणि हप्ता चुकला तर काय होईल हेही लिहावे. पोलिसांकडे छळाची तक्रार दाखल असेल तर शेवटचा टप्पा उच्च न्यायालयात तो गुन्हा रद्द होण्याला जोडता येतो, कारण ‘तक्रार मागे घेईन’ एवढ्या एका वाक्याने असा गुन्हा संपत नाही.

स्त्रीधनाची गोष्ट वेगळी आहे. दागिने आणि भांडी परत केली, एवढेच लिहून भागत नाही. वस्तूंची यादी अर्जाला जोडून दोघांनी तिच्यावर सही करावी, म्हणजे पुढे वाद उकरता येत नाही.

फ्लॅटबाबत सर्वाधिक चुका होतात. पती आपला अर्धा हिस्सा पत्नीला देईल, असे दोघांनी मान्य करून न्यायालयात दिलेल्या संमती अटींत लिहिले आणि फ्लॅटचे वर्णन अर्जात घेतलेच नाही, तर नोंदणी कायद्याच्या कलम १७ मुळे तो भाग नोंदणीशिवाय टिकत नाही. फ्लॅट क्रमांक, इमारत, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा यांचे परिशिष्ट अर्जालाच जोडावे. दुसरा मार्ग नोंदणीकृत बक्षीसपत्राचा आहे. महाराष्ट्रात पती-पत्नीमधील निवासी मालमत्तेच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्काची मोठी सवलत आहे, मात्र ती पत्नीला आहे, माजी पत्नीला नाही. म्हणून ते हुकूमनाम्याआधीच, पण शेवटच्या सुनावणीच्या अगदी जवळ करावे, नाहीतर हिस्सा देऊन संमती गमावण्याची वेळ येते. कर्ज फिटलेले नसेल तर बँकेची लेखी परवानगी आधी मिळवावी लागते, कारण बँकेवर तुमच्या संमती अटी बंधनकारक नाहीत. पतीचे नाव कर्जातून निघाले नाही, तर पत्नीचा हप्ता चुकल्यावर बँक पतीकडेच येईल.

मुलांबाबत ‘परस्परांच्या सोयीने’ लिहिणे

हे शब्द सोयीचे वाटतात, कारण वाटाघाटीच्या त्या दिवशी दोघांनाही भांडण नको असते. सहा महिन्यांनी नेमक्या त्याच शब्दांवरून भांडण सुरू होते. भेट ‘वाजवी’ असावी असे लिहिले, तर वाजवी म्हणजे किती हे ठरवायला पुन्हा न्यायालयात यावे लागते. उदाहरणातील मुलीसाठी अट अशी लिहावी, की ताबा आईकडे राहील, वडील महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी १० वाजता मुलीला आईच्या घरून नेतील आणि रविवारी संध्याकाळी ६ वाजता परत आणतील, बुधवारी संध्याकाळी ७ वाजता अर्धा तास व्हिडिओ कॉल असेल, दिवाळीची सुट्टी दर वर्षी आलटून-पालटून आणि उन्हाळ्याची सुट्टी निम्मी-निम्मी असेल. शहर बदलायचे असल्यास ३० दिवस आधी लेखी कळवणे, पासपोर्ट कोणाकडे राहील आणि परदेशप्रवासाला संमती कशी द्यायची, हेही त्यातच यावे.

कायदा इथे काही बाबतींत लवचिक आहे आणि काही बाबतींत अजिबात नाही. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा असे १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा म्हणतो, पण सर्वोच्च कसोटी मुलाचे हित हीच आहे. ताब्याचा आदेश कायमचा नसतो, आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ प्रमाणे न्यायालय हुकूमनाम्यानंतरही तो बदलू शकते. त्यामुळे मूल मोठे होईल तेव्हा फेरविचार कसा करायचा याची एक ओळ आधीच असावी. याउलट आईने स्वतःची पोटगी सोडली म्हणून मुलाची पोटगी सुटत नाही, ती मुलाचा हक्क आहे. ‘मुलीसाठी भविष्यात काहीही मागणार नाही’ ही अट न्यायालय क्वचितच तशीच मान्य करते, आणि केली तरी ती मुलीला बांधत नाही. मुलीसाठी दरमहा १५,००० रुपये, दर दोन वर्षांनी १० टक्के वाढ आणि शाळेच्या शुल्काचा निम्मा वाटा, असे लिहिले म्हणजे महागाईने ती रक्कम निरुपयोगी होत नाही.

शेवटच्या दिवसाच्या चुका

दुसऱ्या मागणीच्या दिवशी न्यायाधीश दोघांना स्वतंत्रपणे विचारतात की संमती स्वेच्छेने आहे का आणि अटी मान्य आहेत का. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्मृती पहारिया प्रकरणात सांगितले आहे की गैरहजर पक्षाची संमती गृहीत धरता येत नाही. त्यामुळे त्या तारखेला दोघांनीही हजर राहावे. परदेशात असलेल्या अर्जदाराने व्हिडिओद्वारे हजर राहण्याची परवानगी किमान काही आठवडे आधी मागावी.

हुकूमनामा मिळाल्यावर प्रमाणित प्रत घेताना नावे, लग्नाची तारीख आणि संमती अटी हुकूमनाम्याचा भाग म्हणून जोडल्या आहेत का, हे तिथेच तपासावे. अटी जोडलेल्या नसतील तर पुढे हप्ता किंवा भेट चुकल्यावर त्यांची थेट अंमलबजावणी मागणे अवघड होते, आणि कौटुंबिक न्यायालयाच्या संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसल्याने राहिलेली चूक तिथेच, वेळेत दुरुस्त करून घ्यावी लागते.