इंटरनेट बंद पडल्यावर या चुका टाळा: टीव्ही युनिटमागच्या वाकलेल्या केबलची गोष्ट

गणपतीच्या दिवसांत आम्हा फायबरचं काम करणाऱ्यांना पुण्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. मांडवासाठी रस्त्याकडेला खड्डे होतात, रोषणाईच्या माळा चढवताना खांबावरच्या केबल ओढल्या जातात. त्यामुळे घरातलं इंटरनेट गेलं की ते बाहेरच कुणीतरी तोडलं, अशी सगळ्यांची खात्री असते. बरेचदा ते खरंही असतं. कर्वेनगरातल्या ज्या घराबद्दल सांगतोय, तिथे मात्र मांडववाल्यांचा काहीच दोष नव्हता.

दार काकूंनी उघडलं. "दादा, या आधी आत. उद्या अकराला हिचा ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे आणि दोन दिवस नेटचा पत्ता नाही." ताई सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती, चेहरा पार उतरलेला. मोबाइलच्या डेटावर चालवून पाहिलं होतं, पण त्या खोलीत रेंज टिकत नव्हती. काका म्हणाले, "कोपऱ्यावर मांडव पडलाय ना, तिथेच तुटली असणार वायर. आम्ही इथे सगळं करून पाहिलं."

'सगळं करून पाहिलं' हे ऐकलं की मी बॅग खाली ठेवतो आणि नेमकं काय काय केलं ते विचारतो. मूळ बिघाड एक असतो आणि घरच्यांनी घाबरून केलेल्या उपायांनी त्यात आणखी एक-दोन भरीला पडलेले असतात. इथे तसंच झालं होतं. बॉक्स कितीतरी वेळा बंद-चालू केला होता, त्यात काही बिघडत नाही. पण मग पिन घालून मागचं रीसेटचं बटण दहा सेकंद दाबून धरलं होतं. हिरव्या टोकाची पिवळी केबल बॉक्समधून काढून, टोक रुमालाने पुसून, फुंकर मारून परत बसवली होती. शिवाय कुणाच्या तरी सांगण्यावरून नवा वाय-फाय राउटर मागवला होता, तो दुसऱ्या दिवशी येणार होता.

मी बॉक्सकडे पाहिलं. एलओएस असं लिहिलेला दिवा लाल लुकलुकत होता.

आधी दिवे पाहा

एलओएस म्हणजे बॉक्सपर्यंत पुरेसा प्रकाश पोचत नाही. फायबरच्या जोडणीत इंटरनेट येतं ते केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून, प्रकाशाच्या रूपात. तो प्रकाश आला नाही, तर नवा राउटर आणून काही उपयोग नाही. मोबाइलवर वाय-फायच्या सगळ्या रेघा दिसत असल्या तरी त्या मोबाइल आणि बॉक्स यांच्यामधल्या जोडणीच्या असतात. बॉक्सच्या मागे काय चाललंय ते त्या सांगत नाहीत. त्या घरात रेघा भरलेल्या होत्या, म्हणून बॉक्स 'अर्धा बिघडला' असा समज झाला होता.

याउलट एलओएस विझलेला आणि पीओएन हा दिवा स्थिर हिरवा असेल, तरीही इंटरनेट नसेल, तर केबलला हात लावू नका. प्रकाश व्यवस्थित येतोय. अडचण खात्यात, सेटिंगमध्ये किंवा कंपनीच्या बाजूला आहे. हे दोन दिवे कसे आहेत एवढं फोनवर सांगितलंत, तरी आमचं निम्मं काम होतं.

मोजल्याशिवाय बाहेर दोष देऊ नका

टीव्ही युनिटच्या मागे भिंतीवर एक छोटा पांढरा डबा असतो. इमारतीतून येणारी केबल तिथे संपते आणि तिथून पिवळी पॅच कॉर्ड बॉक्सपर्यंत जाते. मी युनिटच्या कडेने हात घालून त्या डब्यावर पॉवर मीटर लावला. उणे १९.६ डीबीएम. डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. इथे होता उत्तम प्रकाश. म्हणजे मांडव, खांब, जिना सगळं ठीक होतं. मग पॅच कॉर्ड परत जोडून तिच्या बॉक्सकडच्या टोकाला मोजलं, तर उणे ३१. दीड-दोन मीटरच्या कॉर्डमध्ये अर्ध्या डीबीच्या आसपास घट चालते. इथे अकराहून जास्त गेले होते, म्हणजे प्रकाश जवळपास चौदाव्या हिश्श्यावर आला होता. घरोघरी असणाऱ्या या बॉक्सना साधारण उणे २७ पर्यंतचा प्रकाश वाचता येतो, त्याखाली लाल दिवा लागतो.

बिघाड त्या दीड-दोन मीटरमध्येच होता. टोक पुसल्यामुळे घाण बसली असेल म्हणून आधी दोन्ही टोकं साफ केली. आकडा अर्ध्या डीबीने सुधारला, त्यापुढे हलेना.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आजोबा आले. म्हणाले, "आरतीच्या वेळेला येतं हो नेट. सकाळी येतं, संध्याकाळी येतं. मग जातं." काका म्हणाले, "बाबा, योगायोग आहे तो." पण येऊन-जाऊन चालणाऱ्या बिघाडात 'कधी येतं' हाच सगळ्यात मोठा धागा असतो. मी विचारलं, आरतीच्या वेळी या युनिटपाशी काय करता?

काकू म्हणाल्या, "काय करणार? खालच्या ड्रॉवरमधून तबक, निरांजन, कापूर काढतो. आरती होईपर्यंत ड्रॉवर उघडाच असतो."

मीटर लावलेलाच होता. ड्रॉवर बाहेर ओढला, आकडा उणे २४ वर आला. आत ढकलला, पुन्हा उणे ३१ च्या जवळ. ताई सोफ्यावरून उठून मीटरपाशी येऊन उभी राहिली.

मखरासाठी जागा करायला म्हणून दोन दिवसांपूर्वी युनिट भिंतीला टेकवलं होतं. खालचा ड्रॉवर पितळी भांड्यांनी भरलेला. तो पूर्ण आत गेला की मागची पातळ प्लायची फळी थोडी बाहेर फुगायची आणि पिवळी कॉर्ड त्या पांढऱ्या डब्याच्या कोपऱ्यावर दाबली जायची. आम्ही दोघांनी युनिट वीतभर पुढे ओढलं. मी खोलीतला दिवा बंद करायला सांगितला आणि कॉर्डमध्ये तांबडा लेझर सोडला. जिथे कॉर्ड दुमडली होती तिथे पिवळ्या आवरणातून लालसर ठिपका उजळला, उदबत्तीच्या निखाऱ्याएवढा. काकू म्हणाल्या, "अगंबाई, इथून सांडतोय होय!"

शब्द अगदी बरोबर होता. प्रकाश तंतूच्या आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो. वळण सौम्य असेल तोवर तो आत राहतो, वळण फार आवळलं की काही प्रकाश बाजूने बाहेर पडतो. जुन्या पद्धतीच्या तंतूला वळणाची त्रिज्या किमान ३० मिलिमीटर ठेवावी लागते. घरांसाठी केलेल्या जी ६५७ ए२ प्रकारच्या तंतूला साडेसात मिलिमीटरपर्यंत चालतं. या घरातली कॉर्ड जुन्या प्रकारची होती आणि ती जवळजवळ काटकोनात मोडली होती. तांब्याची वायर अशी दुमडली तरी बहुतेक वेळा चालू राहते. सवयीने आपण काचेलाही तसंच वागवतो, सगळी चूक तिथे होते.

आणखी एक गोष्ट. वळणातून लांब तरंगलांबीचा प्रकाश जास्त गळतो. घरी येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि घरून जाणारा १३१० चा असतो. म्हणून वाकलेल्या कॉर्डचा फटका आधी येणाऱ्या प्रकाशाला बसतो.

दुमडलेली कॉर्ड सरळ करून भागवू नका

युनिट पुढे घेतल्यावर त्याच कॉर्डवर उणे २०.८ दिसलं. दिवा हिरवा झाला आणि काका म्हणाले, "मग झालं की, राहू द्या हीच." मी राहू दिली नाही. काटकोनात दाबलेल्या काचेला बारीक तडा गेलेला असू शकतो. आज चालते, पुढच्या धक्क्याला तुटते. पॅच कॉर्ड फार महागही नसते. नवी ए२ प्रकारची घातली, दोन्ही टोकं हिरवीच. हिरवं टोक आठ अंशात तिरकं घासलेलं असतं, निळं तसं नसतं. हिरव्याला निळं जोडलं तर बसतं, पण प्रकाश वाया जातो.

उरलेली लांबी मी चहाच्या बशीएवढ्या गोल वेटोळ्यात गुंडाळली आणि सैल वेलक्रो पट्टी लावली. प्लास्टिकचा टाय कचकचून आवळला की तिथेच नवं वळण तयार होतं. युनिट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवलं. मखर थोडं सरकवावं लागलं, काकूंनी ते आनंदाने सरकवलं.

तरीही इंटरनेट सुरू झालं नाही. कारण रीसेट. त्या बटणाने बॉक्समधलं खात्याचं नाव, पासवर्ड आणि जोडणीचा क्रमांक पुसला गेला होता. काही कंपन्यांचे बॉक्स हे आपोआप परत भरून घेतात, हा घेत नव्हता. ऑफिसला फोन लावून माहिती मिळवण्यात आणि भरण्यात पाऊण तास गेला. केबल शोधायला त्याच्या निम्मा वेळही लागला नव्हता. म्हणून लाल दिवा असताना रीसेट कधीच दाबू नका, त्याने प्रकाश येत नाही. हिरवं टोक काढून त्यात डोकावूही नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिथे काही नाही असं वाटतं. आणि रुमाल किंवा फुंकर तर नकोच. तंतूचा जो गाभा प्रकाश वाहतो तो जेमतेम ९ मायक्रॉनचा, त्यावर रुमालाचा एक धागा किंवा श्वासातला ओलावा पुरतो.

निघण्याआधी ताईला बॉक्सचं पान उघडून दाखवलं. ब्राउझरमध्ये `192.168.1.1` टाकून (पत्ता बॉक्सखालच्या चिठ्ठीवर असतो) `Rx Power` नावाचा, बॉक्सपर्यंत येणाऱ्या प्रकाशाचा आकडा शोधायचा. चांगला चालत असतानाचा आकडा लिहून ठेवायचा. पुढे कधी तो तीन-चारने खाली गेला तर आधी फर्निचरमागे पाहायचं, तिथे काही नसेल तर आम्हाला बोलवायचं. तिने कॅलेंडरवर गौरी आवाहनाच्या चौकोनात लिहिलं: उणे २०.१.

आजोबा तोवर ड्रॉवरपाशी खुर्ची घेऊन बसले होते. त्यांनी स्वतः तो पाच वेळा उघडला आणि बंद केला, दर वेळी मान वर करून दिव्याकडे पाहिलं. दिवा हिरवाच राहिला.