धुराने भरलेला कॉरिडॉर: निघायचं की थांबायचं, आणि निघालात तर कसं

अग्निसुरक्षेच्या कामात नवीन येणाऱ्याचं लक्ष ज्वाळांकडे असतं. पण ज्वाळा जिथे जळण आहे तिथेच राहतात, धूर मात्र जिना, लिफ्टची विहीर, केबलचे डक्ट अशा वाटांनी मजले चढतो. 1980 साली लास व्हेगासमधल्या एमजीएम ग्रँड हॉटेलात आग मुख्यतः तळाच्या कसिनोच्या भागात होती. तिथे 85 जण गेले, त्यांतले बहुतेक वरच्या मजल्यांवर, धुराने.

धुरातला मुख्य मारेकरी कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणून रक्त फिरत असूनही पेशींना ऑक्सिजन मिळत नाही. हवेत त्याचं प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास गेलं की दोन-तीन श्वासांत शुद्ध हरपू शकते. सोफ्याचा फोम किंवा नायलॉन जळत असेल तर जोडीला हायड्रोजन सायनाइड येतो, आणि तो पेशींना मिळालेला ऑक्सिजनही वापरू देत नाही. त्यात धुराने डोळे मिटतात आणि डोकं गोंधळतं. ओळखीच्या दारासमोरून माणूस पुढे निघून जातो ते यामुळेच. जाता जाता एक सांगून ठेवतो: धुरातून बाहेर आलेल्या माणसाच्या बोटाला साधा ऑक्सिमीटर लावून 98 दिसलं तरी निश्चिंत होऊ नका. ते यंत्र कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजनयुक्त रक्त यांत फरक करू शकत नाही.

आता कॉरिडॉर. समजा तुम्ही खोलीत आहात आणि जिना 20 मीटरवर, डाव्या हाताला चौथ्या दारानंतर आहे. हे दारांचं मोजमाप आधीच केलेलं हवं, कारण धुरात दिशादर्शक पाटी दिसेलच असं नाही. आधी बंद दाराला तळहाताची मागची बाजू लावा, खालून वर सरकवत न्या, मग कडी तपासा. गरम लागलं तर उघडू नका. गार लागलं म्हणून बाहेर सगळं ठीक आहे असंही नाही, जाड दार बराच वेळ गार राहतं. फटीतून धूर येतोय का ते बघा. दार आत उघडणारं असेल तर त्यामागे पाय टेकवून बोटभर उघडा, म्हणजे बाहेरून दाब आला तरी लगेच लोटून बंद करता येईल.

बाहेर धुराचा थर छताखाली लटकलेला आणि खाली स्वच्छ हवा दिसली, तर किल्ली घ्या, दार मागे ओढून घ्या आणि हात-गुडघ्यांवर निघा. डोकं जमिनीपासून 30 ते 60 सेंटिमीटरवर ठेवा. पोटावर सरपटू नका, वेग फार कमी होतो. डाव्या भिंतीला हाताची मागची बाजू लावून पुढे जा. उघड्या तारेला तळहात लागला तर बोटं आवळून तार पकडली जाते, मागची बाजू लागली तर हात निदान तारेवर आवळला जात नाही. दारं मोजत राहा. सेकंदाला अर्धा मीटर धरला तरी 20 मीटरला 40 सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात थर आणखी खाली येतो. ओला रुमाल नाकावर धरलात तर काजळी थोडी अडेल, पण कार्बन मोनॉक्साइड आरपार जातो. त्यामुळे रुमाल भिजवण्यात वेळ घालवणं मला पटत नाही.

रांगण्याचा फायदा थर टिकून असेपर्यंतच असतो, हे मात्र शिकवताना बरेचदा राहून जातं. आगीपासून लांब गेलेला धूर थंड होतो, स्प्रिंकलरच्या पाण्यानेही थंड होतो, आणि मग तो वर न राहता जमिनीपर्यंत मिसळतो. फरशीजवळही चार-पाच हातांपलीकडचं दिसत नसेल, खाली वाकूनही खोकला येत असेल, तर पुढे जाऊ नका. त्याच भिंतीने, आता उजवा हात लावून, मोजलेली दारं उलटी मोजत परत या. जिन्याचं दार उघडल्यावर आत धूर दिसला तरी हेच करा, किंवा दुसरा जिना मोकळा असेल तर तिकडे वळा. लिफ्ट वापरायचीच नाही. ती आगीच्या मजल्यावर थांबू शकते आणि तिची विहीर धुराने भरते.

खोलीत परतल्यावर दार लावून घ्या, खालच्या फटीत आणि एसीच्या जाळीत ओले टॉवेल कोंबा. अग्निशमन दलाला फोन करून मजला, खोली क्रमांक आणि खिडकी कोणत्या बाजूला आहे ते सांगा. खिडकी थोडीच उघडा, काच फोडू नका: खालून धूर वर येऊ लागला तर ती पुन्हा बंद करावी लागेल.