आयजीई आधी बसते, ॲलर्जन नंतर येतो: टाइप वन नीट समजून घ्यायचं तर

सेकंड इयरला हायपरसेन्सिटिव्हिटी आली की सगळे 'ॲसिड' पाठ करतात: ॲलर्जिक, सायटोटॉक्सिक, इम्यून कॉम्प्लेक्स, डिलेड. करा, नावं लक्षात राहतात. पण जेल आणि कूम्ब्स यांनी १९६३ मध्ये केलेलं हे वर्गीकरण यंत्रणेवर बेतलेलं आहे, आणि व्हायवात यंत्रणाच विचारतात. तिथे ॲसिड दुसऱ्या प्रश्नाला संपतं.

बहुतेकांचा पाय घसरतो तो क्रमात. ॲलर्जन रक्तात आला, त्याला आयजीई चिकटली आणि मग ती जोडी मास्ट सेलवर जाऊन बसली, असं लिहिलंत तर गेलात. आधी रक्तात जोडी जमणं आणि मग ती कुठेतरी साचणं ही टाइप थ्रीची गोष्ट आहे. टाइप वनमध्ये आयजीई आधीच मास्ट सेलवर बसलेली असते, आणि ॲलर्जन तिथे नंतर येतो.

एक पेशंट घेऊ. तिशीतली बाई, दोन वर्षांपूर्वी घसा दुखला म्हणून ॲमॉक्सिसिलिनचा कोर्स घेतलेला, तेव्हा काहीच झालं नव्हतं. आता दातासाठी तीच कॅप्सूल घेतली आणि वीस मिनिटांत अंगभर गांधी, ओठ सुजलेले, छातीत घरघर, बीपी खाली. नातेवाईक सांगतात, "मागे घेतली होती की, तेव्हा सोसली होती." निदानातला पहिला धागा तोच आहे.

त्या पहिल्या कोर्समध्ये काय घडलं? पेनिसिलिनचा रेणू इतका लहान की एकट्याची दखल प्रतिकारशक्ती घेत नाही. त्याची बीटा-लॅक्टम रिंग उघडते आणि तो शरीरातल्या प्रथिनांना चिकटतो. मग ती जोडी परकी ठरते. टीएच-टू पेशी आयएल-फोर सोडतात, बी सेल आयजीई बनवायला लागते, आणि ही आयजीई शेपटीच्या बाजूने मास्ट सेलवरच्या रिसेप्टरमध्ये रुतून बसते. रक्तात तिचं आयुष्य जेमतेम दोन दिवसांचं, मास्ट सेलवर मात्र ती कित्येक आठवडे टिकते. या सगळ्यात बाईला काहीही जाणवलेलं नाही. हेच सेन्सिटायझेशन. त्याला लक्षण नसतं, म्हणून उत्तरात ते गाळलं जातं आणि मार्क तिथेच जातात.

दुसऱ्या वेळी औषध चिकटलेलं प्रथिन येतं आणि शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम धरतं. एकीला धरून भागत नाही. दोन रिसेप्टर जवळ ओढले गेले की आत संदेश जातो, कॅल्शियम वाढतं आणि आधीच भरून ठेवलेले दाणे बाहेर रिकामे होतात. हिस्टामिन मिनिटांत येतं ते यामुळे, ते तयारच असतं. एच-वन रिसेप्टरवर जाऊन ते छोट्या शिरांच्या भिंतीत फटी पाडतं, की सूज आली. रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी घसरतं, श्वासनलिकेचा स्नायू आवळतो, खाज सुटते. मागोमाग ल्यूकोट्रायन्स आणि प्रोस्टाग्लँडिन डी-टू येतात. ते साठवलेले नसतात, ताजे बनतात. ल्यूकोट्रायन्स तर श्वासनलिका हिस्टामिनपेक्षा जोरात आणि जास्त वेळ आवळून धरतात.

म्हणून अशा पेशंटला फक्त ॲव्हिल देऊन थांबू नका. ॲव्हिल एच-वन अडवतं, ल्यूकोट्रायन्सला हात लावत नाही, पडलेलं बीपी उचलत नाही. मोठ्या माणसाला ॲड्रेनॅलिन ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, आणि आधी तेच. 'पहिले ॲव्हिल-डेक्सा, मग बघू' असं शिकवणारे सीनियर सगळीकडे भेटतात. त्यांच्याकडून सलाइन लावायला शिका, हे नको.

चार टाइप एकाच औषधावर लावून बघा, घोकंपट्टी सुटते. हेच पेनिसिलिन लाल पेशींना चिकटून कूम्ब्स पॉझिटिव्ह ॲनिमिया करतं, हा टाइप टू. आठवड्या-दीड आठवड्याने ताप, सांधेदुखी आणि पुरळ, हा टाइप थ्री. काही दिवसांनी टी सेलमुळे येणारं रॅश, हा टाइप फोर. घाबरू नका, वेळ विचारली की अर्धं उत्तर मिळतं.

अर्धंच, कारण मास्ट सेल आयजीईशिवायही फुटते. टाइप थ्रीमध्ये कॉम्प्लिमेंटचे सी-थ्री-ए, सी-फाइव्ह-ए ती फोडतात, म्हणून आठव्या दिवशीही गांधी दिसू शकतात. आणि व्हँकोमायसिन तर पहिल्याच डोसला, सलाइन भराभर सोडलं की, मान-चेहरा लालबुंद करतं. हिस्टामिन तेच, पण आयजीई बसायला आधीची भेटच झालेली नाही. इथे औषध मास्ट सेलवरच्या वेगळ्याच रिसेप्टरला थेट धरतं. म्हणूनच बहुतेकदा डोस थांबवून, लाली ओसरल्यावर तोच हळू, एक ग्रॅमला तासाभराहून जास्त वेळ घेऊन दिला की पेशंट सोसतो. वरच्या बाईला ॲमॉक्सिसिलिन 'जरा हळू' देऊन बघायची चूक मात्र कुणी करू नये.