व्हायरस पुसला तरी परत येतो? बूट सेक्टर बघा

इतवारीतल्या काकांच्या दुकानातला जुना पीसी. अँटीव्हायरसने व्हायरस पुसला, पण रीस्टार्ट केलं की पुन्हा हजर! तो बसला होता डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये, म्हणजेच बूट सेक्टरमध्ये. तिथला कोड विंडोजच्या आधी चालतो, त्यामुळे आतल्या अँटीव्हायरसपासून तो लपू शकतो.

दुसऱ्या, स्वच्छ पीसीवर बूटेबल रेस्क्यू पेनड्राइव्ह बनवला. त्यावरून पीसी सुरू करून बूट सेक्टरसह पूर्ण स्कॅन केला. मग विंडोजच्या इन्स्टॉल डिस्कवरून, रिपेअरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये:

```
bootrec /fixmbr
```

याने बूट सेक्टरमधला कोड नव्याने लिहिला जातो; पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद, शाबूत राहतं. मात्र फाइली आधीच एन्क्रिप्ट झाल्या असतील तर त्या याने सुटत नाहीत. यूईएफआय-जीपीटी या नव्या बूट पद्धतीच्या पीसीला ही कमांड उपयोगाची नाही.